64 केबीपीएसवर तासाभराचं व्याख्यान

आपल्याकडच्या अनेक प्रीपेड मोबाइल प्लॅनच्या अटींत एक ओळ असते: रोजचा हाय-स्पीड डेटा संपल्यावर इंटरनेटचा वेग 64 केबीपीएसवर येईल. या वेगात व्हिडिओ बघायचा विचारही करता येत नाही. माणसाचा आवाज मात्र त्यातून जाऊ शकतो. एखाद्या व्याख्यानमालेतलं तासाभराचं भाषण 24 केबीपीएस बिटरेटने साठवलं, तर ती फाइल 10.8 एमबीची होते आणि सेकंदाला 3 हजार बाइट मिळाले तरी ती ऐकता येते. 64 केबीपीएसची लाइन सेकंदाला 8 हजार बाइट देते, म्हणजे हिशेबाने हे सहज जमायला हवं. तरीही अशा लाइनवर व्याख्यान सुरूच होत नाही, झालं तर मध्येच अडतं, आणि श्रोता कंटाळून फोन ठेवून देतो. हे टाळण्यासाठी एकच व्याख्यान दोन-तीन बिटरेटमध्ये तयार करायचं, प्रत्येकाचे काही सेकंदांचे तुकडे करायचे आणि लाइन बघून कोणता तुकडा घ्यायचा हे प्लेअरवर सोपवायचं, ही एचएलएसची पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. ती मुळात व्हिडिओसाठी रुळली. निव्वळ बोलण्याच्या ऑडिओला ती किती लागू पडते, याबद्दल मात्र जाणकारांचं अजून एकमत नाही.

इथवरचा प्रवास

वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे बिटरेट ही कल्पना एचएलएसच्या आधीची आहे. 1995 मध्ये रिअलऑडिओ आलं, तेव्हा घरोघरी मोडेम होते आणि लाइन मध्येच मंदावणं ही रोजचीच गोष्ट होती. त्याच कंपनीने 1998 मध्ये शुअरस्ट्रीम आणलं. त्यात एकाच फाइलमध्ये अनेक बिटरेट भरलेले असत आणि सर्व्हर लाइन बघून त्यांच्यात अदलाबदल करी. अडचण अशी होती, की त्यासाठी वेगळा, महागडा सर्व्हर लागायचा. एखाद्या छोट्या संस्थेला ते परवडणारं नव्हतं.

2008 मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्मूथ स्ट्रीमिंग आणि 2009 मध्ये ॲपलचं एचएलएस आलं, तेव्हा हा निर्णय सर्व्हरकडून प्लेअरकडे गेला. सर्व्हरवर फक्त लहान लहान फाइली पडून असतात आणि त्या कुठल्याही साध्या वेब होस्टिंगवर ठेवता येतात. प्लेलिस्ट नावाच्या मजकुराच्या फाइलमध्ये त्यांची यादी असते. प्लेअर ती वाचतो आणि एकेक तुकडा मागवतो. एचएलएसचा तपशील 2017 मध्ये आरएफसी 8216 म्हणून प्रसिद्ध झाला. तुकडा किती सेकंदांचा असावा याबद्दल ॲपलची शिफारस आधी 10 सेकंदांची होती, 2016 मध्ये ती 6 सेकंदांवर आली.

ऑडिओच्या दृष्टीने ॲपलचा एक जुना नियम महत्त्वाचा आहे. मोबाइल नेटवर्कवरून लांब व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपने 64 केबीपीएसची, फक्त आवाजाची एक पायरी ठेवलीच पाहिजे, असा तो नियम होता. लाइन अगदीच खालावली तर चित्र जाईल, पण आवाज टिकेल, हा त्यामागचा विचार. तिथे 64 हा तळ होता. आपल्याकडे डेटा संपलेल्या श्रोत्यासाठी तोच आकडा छत ठरतो. पुढचा बराचसा वाद याच फरकातून निघतो.

एका तासाचा हिशेब

एक व्याख्यान घेऊ. सभागृहात माइकवरून रेकॉर्ड केलेलं, तासाभराचं, एकट्या वक्त्याचं. त्याच्या 24, 40 आणि 64 केबीपीएस अशा तीन पायऱ्या केल्या आणि प्रत्येक तुकडा 6.4 सेकंदांचा ठेवला. 6.4 हा आकडा मुद्दाम घेतला आहे. एएसी पद्धतीत ऑडिओ 1024 नमुन्यांच्या चौकटींत बांधला जातो. सेकंदाला 24 हजार नमुने घेतले, तर 6.4 सेकंदांत नेमक्या 150 चौकटी बसतात आणि तुकडा चौकटीच्या कडेवरच संपतो. 6 सेकंद धरले तर 140.6 चौकटी येतात, म्हणजे तुकडे कधी 140 तर कधी 141 चौकटींचे होतात. त्याने प्लेअर बंद पडत नाही, पण तिन्ही पायऱ्यांचे सांधे तंतोतंत जुळावेत यासाठी पूर्णांक बरा. बीबीसीनेही आपल्या रेडिओसाठी 6.4 सेकंदांचेच तुकडे ठेवले. 48 हजार नमुन्यांच्या त्यांच्या ऑडिओत तिथे 300 चौकटी होतात.

आता 64 केबीपीएसची लाइन. 24 केबीपीएसचा तुकडा 19,200 बाइटचा असतो, तो 2.4 सेकंदांत उतरतो. 40 केबीपीएसचा 32,000 बाइटचा तुकडा 4 सेकंद घेतो. 64 केबीपीएसचा तुकडा 51,200 बाइटचा, त्याला 6.4 सेकंद लागतात, म्हणजे तो जितका वेळ वाजतो तितकाच वेळ उतरायला घेतो. त्यावर प्रत्येक मागणीची ये-जा आणि हेडरचं ओझं आलं, की हा तुकडा दर वेळी थोडा उशिरा पोचणार आणि आवाज तुटणार. ज्या संकेतस्थळावर एकच 64 केबीपीएसची फाइल आहे, तिथे असा श्रोता कितीही वेळा प्रयत्न करो, त्याला सलग ऐकायला मिळणं अवघडच.

तुकड्यांआधी काय काय उतरावं लागतं, हा हिशेबाचा दुसरा भाग सहसा कुणी मांडत नाही. आधी जोडणी, मग मुख्य प्लेलिस्ट, मग निवडलेल्या पायरीची प्लेलिस्ट, मग डिकोडरला तयार करणारी छोटी आरंभ फाइल आणि शेवटी पहिला तुकडा. प्रत्येक टप्प्याला निदान एक फेरी पडते. फेरीला अर्धा सेकंद लागत असेल, तर जोडणी धरून तीन-साडेतीन सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. तासाभराच्या व्याख्यानाच्या प्लेलिस्टमध्ये 563 नोंदी असतात. नोंदीला सुमारे 31 बाइट धरले, तर फाइल साडेसतरा केबीची होते आणि 64 केबीपीएसवर ती उतरायला सव्वादोन सेकंद लागतात. पायरी बदलली की नव्या पायरीची प्लेलिस्ट पुन्हा उतरते. सर्व्हरवर प्लेलिस्टसाठी जीझिप चालू केलं तर हे ओझं बरंच खाली येतं, कारण सगळ्या ओळी जवळपास सारख्याच असतात. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तेच बऱ्याच ठिकाणी राहून गेलेलं असतं.

सगळ्यात जड असतो तो खुद्द प्लेअर. ब्राउझरमध्ये एचएलएस वाजवण्यासाठी सर्रास वापरली जाणारी hls.js ही लायब्ररी दाबून पाठवली तरी शंभर केबीच्या पुढे जाते. 64 केबीपीएसवर त्याला साडेबारा सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात 24 केबीपीएसचे पाच तुकडे, म्हणजे व्याख्यानाचा अर्ध्या मिनिटाचा भाग उतरला असता. आयफोनवरची सफारी आणि अँड्रॉइडवरचं क्रोम एचएलएस स्वतःहून वाजवू शकतात. त्यामुळे पानाने आधी ब्राउझरची क्षमता तपासावी आणि गरज असेल तरच लायब्ररी मागवावी, असं काहीजण सुचवतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की अँड्रॉइडच्या अंगभूत प्लेअरवर आपलं नियंत्रण राहत नाही. बफर किती ठेवायचा, सुरुवात कुठल्या पायरीने करायची, हे त्याला सांगता येत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत, निवड श्रोते कोण आहेत त्यावर ठरते.

एकच फाइल पुरे, असं म्हणणारे

एक मोठा गट म्हणतो, की निव्वळ बोलण्यासाठी एवढा खटाटोप हवाच कशाला? पॉडकास्ट वर्षानुवर्षं एकाच एमपी3 फाइलवर चालत आले आहेत. व्हिडिओत सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या पायरीत वीस-तीस पटींचा फरक असू शकतो, म्हणून तिथे शिडी लागते. व्याख्यानात 24 आणि 64 यांत तिपटीचाही फरक नाही. मग मधला एखादा आकडा, समजा 32 केबीपीएस, धरून एकच मोनो फाइल ठेवली तर 14.4 एमबीत तासाचं व्याख्यान बसतं. ती डाउनलोड करता येते, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवता येते, मेमरी कार्डवर टाकून गावी नेता येते. एचएलएसचे तुकडे असे कुणाला देता येत नाहीत. आपल्याकडे भाषणं आणि कीर्तनं हातोहातच पसरत आली आहेत, त्यामुळे या मुद्द्याला खरंच वजन आहे.

या बाजूला एक तांत्रिक आधारही आहे. एमपी3 फाइलला सुरुवातीला कुठलीही अनुक्रमणिका लागत नाही. पहिले काही केबी आले की आवाज सुरू होतो. फेऱ्याही कमी: जोडणी झाली, एक मागणी गेली, की बाइट सलग येत राहतात.

पण फाइल एमपी3 ऐवजी साधी एम4ए असेल, तर चित्र पार बदलतं, आणि ही खाच ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे अंदाज चुकतात. एम4ए फाइलच्या डोक्यात प्रत्येक चौकटीचा आकार नोंदवलेला तक्ता असतो आणि प्रत्येक नोंद 4 बाइटची. तासाभरात 24 हजार नमुन्यांच्या हिशेबाने 84,375 चौकटी होतात, म्हणजे हा तक्ताच 337 केबीचा. तो फाइलच्या सुरुवातीला आणून ठेवला तरी 64 केबीपीएसवर पूर्ण उतरायला 42 सेकंद लागतात आणि तोवर सहसा शब्दही ऐकू येत नाही. तक्ता शेवटी राहिला असेल, तर प्लेअरला आधी फाइलचं शेपूट मागवावं लागतं. बिटरेट कमी केल्याने हा तक्ता लहान होत नाही, कारण चौकटींची संख्या तीच राहते. म्हणूनच 'फाइल तर लहान केली, तरी सुरू व्हायला मिनिट का लागतं' या तक्रारीचं उत्तर बरेचदा बिटरेटमध्ये सापडतच नाही. एचएलएसच्या तुकड्यांत हा तक्ता तुकड्यातुकड्यांत वाटला जातो, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

शिडी हवीच, असं म्हणणारे

दुसऱ्या गटाचा भर श्रोत्यांच्या विविधतेवर आहे. तेच व्याख्यान एकजण गावातल्या एसटी स्थानकावर 2जीच्या रेंजमध्ये ऐकतो, तर दुसरी व्यक्ती न्यू जर्सीत घरच्या वायफायवर, चांगल्या हेडफोनवर. 32 केबीपीएसची एकच फाइल पहिल्याला कधी कधी जड आणि दुसरीला कायम फिकी वाटते. बीबीसीने 2015 च्या सुमारास आपला रेडिओ एचएलएस आणि डॅशवर नेला, तेव्हा 48, 96, 128 आणि 320 केबीपीएस अशा पायऱ्या ठेवल्या. खालच्या दोन एचई-एएसी पद्धतीच्या, वरच्या दोन साध्या एएसीच्या. अर्थात बीबीसीला वाद्यसंगीतही द्यायचं असतं. व्याख्यानाला 320 ची गरज नाही आणि 48 हा तळही आपल्या श्रोत्यासाठी उंच आहे.

शिडीवाल्यांचा याहून भक्कम मुद्दा बिटरेटपेक्षा बफरशी जोडलेला आहे. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी 80 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तो पार करायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ नेट नसेल असं धरून चालावं. प्लेअर तुकड्यांचं खातं ठेवत असल्यामुळे पुढची पाच मिनिटं आधीच भरून ठेवायला त्याला सांगता येतं: 24 केबीपीएसवर ती 0.9 एमबी होतात, 64 वर 2.4 एमबी. hls.js मूळ मांडणीत निदान 30 सेकंदांचं ध्येय ठेवते. व्हिडिओसाठी ते ठीक आहे, कारण तिथे पाच मिनिटांचा साठा म्हणजे कित्येक एमबी, आणि प्रेक्षक उठून गेला तर ते वाया. व्याख्यानात वाया गेलं तरी फार तर दोन-अडीच एमबी जातील. अनेक अडचणींवर 30 चे 300 करणं हा पायऱ्या वाढवण्यापेक्षा जास्त गुणकारी उपाय ठरतो.

दोन्ही गटांना जवळ आणणारी एक पद्धत एचएलएसमध्ये आहे, आणि ती असावी तितकी वापरात दिसत नाही. प्रत्येक पायरीचे 563 तुकडे वेगळे न ठेवता एकच सलग फाइल ठेवायची आणि प्लेलिस्टमध्ये 'या फाइलचे इतक्यापासून इतके बाइट' असं लिहायचं. ffmpeg मध्ये `-hls_flags single_file` लिहिलं की हे होतं. तीन पायऱ्यांच्या 1,689 तुकड्यांऐवजी तीन ऑडिओ फाइली उरतात, आणि त्यातली 24 ची फाइल तशीच्या तशी डाउनलोडसाठीही देता येते. किंमत म्हणजे प्लेलिस्टची प्रत्येक नोंद लांबते आणि सर्व्हरने बाइटच्या हिश्श्याची मागणी नीट हाताळावी लागते.

पायऱ्या बांधताना

तीन पायऱ्या एका आज्ञेत अशा होतात:

```
ffmpeg -i vyakhyan.wav -map 0:a -map 0:a -map 0:a \
  -c:a aac -ac 1 -ar 24000 \
  -b:a:0 24k -b:a:1 40k -b:a:2 64k \
  -f hls -hls_time 6.4 -hls_playlist_type vod \
  -hls_segment_type fmp4 \
  -var_stream_map "a:0 a:1 a:2" \
  -master_pl_name master.m3u8 \
  -hls_segment_filename "v%v/seg_%04d.m4s" v%v/list.m3u8
```

यात तिन्ही पायऱ्यांना कोडेक, नमुन्यांचा दर आणि मोनो हे सारखंच ठेवलं आहे. खाली 22 हजार नमुने, वर 48 हजार, असं केलं तर पायरी बदलताना काही फोनवर टिचकीसारखा आवाज येतो किंवा क्षणभर शांतता पसरते. 24 हजार नमुन्यांत 12 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि बोलण्याला तो पुरतो.

24 केबीपीएसला एन्कोडर वरची टोकं आणखी कापतो, आणि त्याचा पहिला फटका 'स', 'श', 'च' या घर्षणाच्या वर्णांना बसतो. 'स'ची बरीचशी ताकद 5 किलोहर्ट्झच्या वर असते. टेलिफोनवर पत्ता सांगताना 'स' की 'फ' असा घोळ होतो, तो याच कारणाने. म्हणून खालची पायरी तपासताना भाषणातला सावकाश भाग ऐकून उपयोग नाही. वक्ता भराभर संस्कृत वचनं किंवा माणसांची नावं सांगतोय असा मिनिटभराचा भाग निवडावा आणि तो फोनच्या स्पीकरवर, बाहेरच्या गोंगाटात, मूळ व्याख्यान न ऐकलेल्या माणसाला ऐकवावा. त्याने नावं बरोबर लिहून घेतली तर पायरी चालली.

मूळ रेकॉर्डिंगचाही इथे हिशेब चुकता करावा लागतो. पंख्याची घरघर आणि सभागृहाचा घुमारा एन्कोडरला शब्दांइतकेच खरे वाटतात आणि तुटपुंजे बिट तो त्यांच्यावरही उधळतो. 80 हर्ट्झखालचा आवाज आधीच कापला, घरघर हलक्या हाताने कमी केली आणि आवाजाची पातळी एकदाच, पायऱ्या पाडण्यापूर्वी सारखी केली, तर 24 ची पायरी लक्षणीय सुधारते. पातळी प्रत्येक पायरीला वेगळी ठरवली, तर लाइन बदलली की वक्ता एकदम मोठ्याने किंवा हळू बोलू लागल्यासारखा वाटतो.

एक चूक कानानेच पकडता येते. व्याख्यानात दर सहा सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखी, बारीक टिकटिक ऐकू आली, तर समजावं की आधी मूळ फाइल कापली आणि मग प्रत्येक तुकडा स्वतंत्र एन्कोड केला. एएसी एन्कोडर दर वेळी सुरुवातीला थोडी शांतता भरतो. ffmpeg च्या स्वतःच्या एन्कोडरमध्ये ती 1024 नमुन्यांची, म्हणजे 24 हजार नमुन्यांच्या दराला 43 मिलिसेकंदांची असते. सलग एन्कोड करून मग तुकडे पाडले तर ती फक्त एकदाच, अगदी सुरुवातीला येते. वरची आज्ञा तसंच करते.

कोडेकच्या निवडीवरही दोन मतं आहेत. 24-32 केबीपीएसला एचई-एएसी साध्या एएसीपेक्षा मोकळा वाटतो, कारण वरच्या पट्ट्या तो खालच्या पट्ट्यांवरून पुन्हा रचतो. पण ffmpeg चा अंगभूत एन्कोडर एचई-एएसी करत नाही. त्यासाठी libfdk_aac लागतो, आणि परवान्याच्या अडचणीमुळे तो तयार मिळणाऱ्या ffmpeg मध्ये सहसा नसतो. स्वतः बांधून घ्यावा लागतो, किंवा मॅकवरचा ॲपलचा एन्कोडर वापरावा लागतो. ज्यांच्याकडे तांत्रिक माणूस नाही, अशा संस्थांनी साधा एएसी घेऊन 24 ऐवजी 28 किंवा 32 चा तळ ठेवावा, हे म्हणणं व्यवहाराला धरून आहे.

निर्णय प्लेअरचा

मुख्य प्लेलिस्टमध्ये प्रत्येक पायरीसमोर किती बँडविड्थ लागेल ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा तुकड्यांचा कमाल बिटरेट असायला हवा. ऑडिओचे 24 आणि वेष्टणाचं ओझं धरून 30 हजार, 40 साठी 48 हजार आणि 64 साठी 74 हजार लिहिले असं समजू. hls.js खालच्या पायरीवरून वर जाताना मोजलेल्या वेगाचा 0.7 भागच विश्वासार्ह धरते, आणि आहे त्या पायरीवर राहण्यासाठी 0.95. म्हणजे 48 हजारांची पायरी चढायला 68.6 केबीपीएस वेग मोजला जायला हवा, तिथे टिकून राहायला मात्र 50.5 पुरतो. डेटा संपलेला श्रोता तळाशी सुरू झाला तर तळाशीच राहील, आणि तेच योग्य. पण तो वरून सुरू झाला तर 40 च्या पायरीवर रेंगाळेल आणि त्याचा बफर फार सावकाश भरेल.

त्यामुळे सुरुवात कुठून होते याला फार महत्त्व येतं. लाइन मोजण्याआधी hls.js वेग 500 केबीपीएस आहे असं गृहीत धरते. व्हिडिओच्या जगात हा सावध अंदाज आहे, पण ऑडिओच्या सगळ्या पायऱ्या त्याच्या कितीतरी खाली बसतात. म्हणून `abrEwmaDefaultEstimate` हे मूल्य 50 हजारांच्या आसपास आणून ठेवावं लागतं. ॲपलच्या प्लेअरच्या बाबतीत प्लेलिस्टमध्ये पहिली लिहिलेली पायरी सुरुवातीला वाजवली जाते, म्हणून तिथे सगळ्यात खालची पायरी पहिल्या ओळीवर लिहिणं हिताचं.

वेग मोजण्याच्या रीतीवरही वाद आहे. समजा लाइन खरं तर 100 केबीपीएसची आहे, पण प्रत्येक मागणीला उत्तर सुरू व्हायला 0.7 सेकंद लागतात. 19,200 बाइटचा तुकडा 1.54 अधिक 0.7, म्हणजे 2.24 सेकंदांत आला, तर प्लेअरला वेग 69 केबीपीएस दिसतो. तुकडा दुप्पट, 12.8 सेकंदांचा ठेवला, तर त्याच लाइनवर 81 दिसतो. काहीजण म्हणतात, की म्हणून ऑडिओचे तुकडे 10-12 सेकंदांचे असावेत. त्यांच्या विरोधात म्हटलं जातं, की पहिला तुकडा दुप्पट झाला तर 64 केबीपीएसच्या श्रोत्याला पहिला शब्द 2.4 सेकंद उशिरा ऐकू येतो. शाका या गुगलच्या प्लेअरने तिसरी वाट धरली. 16 हजार बाइटपेक्षा लहान डाउनलोड तो मूळ मांडणीत मोजणीत धरतच नाही. त्याचा परिणाम असा, की कुणी 16 केबीपीएसची पायरी करून 6.4 सेकंदांचे 12,800 बाइटचे तुकडे ठेवले, तर प्लेअर त्या पायरीवर असेपर्यंत वेगाचा अंदाज बदलणारच नाही. लाइन सुधारली तरी श्रोता खालीच अडकून राहू शकतो. हा दोष प्लेअर बसवणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याच्या ऑफिसच्या वायफायवर ती पायरी कधी निवडलीच जात नाही.

वेगाऐवजी बफर बघून निर्णय घ्यावा, हा दुसरा विचारप्रवाह 2014 च्या नेटफ्लिक्सवरच्या अभ्यासापासून जोर धरतो आहे. साठा भरलेला असेल तर वर चढा, आटत असेल तर उतरा, इतकंच. स्टॅनफर्डच्या पफर प्रकल्पात खऱ्या प्रेक्षकांवर पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा ही साधी पद्धत कितीतरी किचकट पद्धतींच्या तोडीची निघाली. ही मोजमापं व्हिडिओची आहेत. पण व्याख्यानात मिनिटांचा साठा स्वस्तात करता येतो, त्यामुळे ती इथे जास्तच लागू पडावी, असं मानायला जागा आहे.

काय अजून सुटलेलं नाही

खर्च कुणी ठरवायचा, हा पहिला प्रश्न. प्लेअर वेग मोजतो, श्रोत्याचा नेटपॅक किती उरला आहे हे त्याला ठाऊक नसतं. सकाळी डेटा भरलेला असताना तो आपणहून 64 च्या पायरीवर जातो आणि तासाला 28.8 एमबी खर्च करतो, तेच व्याख्यान 10.8 मध्ये ऐकता आलं असतं. श्रोत्याला 'कमी डेटा' असं बटण द्यावं आणि ती निवड लक्षात ठेवावी, असं एक मत. स्वयंचलित पद्धतीचे समर्थक म्हणतात, की असं बटण फार थोडेजण दाबतात, तेव्हा मोबाइल नेटवर्कवर छत आपणच 40 वर ठेवावं. अँड्रॉइडमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर क्रोम तसं सर्व्हरला कळवतो, पण ही सोय सगळ्या ब्राउझरांत नाही.

दुसरा प्रश्न नव्या कोडेकचा. एक्सएचई-एएसी 12 केबीपीएसपासून बोलणं सुबकपणे देऊ शकतो आणि पायरी बदलताना सांधा कळू नये याची तजवीज त्याच्या रचनेतच आहे. अँड्रॉइड 9 आणि आयओएस 13 पासून फोनमध्ये त्याचा डिकोडर आहे, आणि नेटफ्लिक्सने 2021 मध्ये अँड्रॉइडवर तो वापरायला घेतला. छोट्या संस्थांची अडचण एन्कोडरची आहे: साध्या एएसीसारखा तो ffmpeg मध्ये सहज हाती लागत नाही. ओपस हा मोफत आणि कमी बिटरेटला उत्तम, 2012 पासून प्रमाणित. पण ॲपलच्या जगातल्या एचएलएसमध्ये एएसीइतका बिनघोर तो चालत नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना एएसीची एक पायरी जोडीला ठेवावीच लागते.

तिसरा प्रश्न तपासणीचा, आणि तो सगळ्यात जवळचा आहे. हे सगळे आकडे ठरवणारी माणसं बहुधा चांगल्या लाइनवर बसलेली असतात. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये लाइन 64 केबीपीएस आणि विलंब 700 मिलिसेकंद असा बांधता येतो. त्या अवस्थेत कॅशे बंद ठेवून पान उघडायचं, पहिला शब्द किती सेकंदांनी ऐकू आला ते टिपायचं, मग पाच मिनिटं नेट पूर्ण तोडायचं आणि व्याख्यान चालू राहतं का ते बघायचं. नेटवर्कच्या यादीत कुठल्या पायरीचे तुकडे मागवले गेले, प्लेलिस्ट दाबून आली की नाही आणि लायब्ररीने किती वेळ खाल्ला, हे ओळीने दिसतं. वेग असा कृत्रिमरीत्या बांधला, तरी मनोऱ्यावरची गर्दी आणि रेंजचं येणंजाणं त्यात उतरत नाही. म्हणून त्याच पानाची दुसरी फेरी रोजचा डेटा संपवलेल्या एखाद्या खऱ्या सिमवर, संध्याकाळच्या वेळी घ्यावी लागते. तिथे 24 ची पायरीही अडली, तर 20 किंवा 16 चा तळ करायचा, की श्रोत्याला सरळ डाउनलोडकडे वळवायचं, हे प्रत्येक व्याख्यानमालेला आपापल्या श्रोत्यांकडे बघूनच ठरवावं लागणार आहे.